केवायसी, कुरिअर, बक्षीस: आईच्या फोनवरचे चार मेसेज

प्रश्न: आईला (वय ६८, पेन्शनर) एकाच आठवड्यात चार मेसेज आले. एक दहा आकडी नंबरवरून: "केवायसी अपडेट न केल्यास आज रात्री खातं बंद", खाली लिंक. दुसरा बँकेच्या नावाने, तोही केवायसीचाच. तिसरा इंडिया पोस्टच्या नावाने: पत्ता अपुरा, पार्सल परत जाईल. चौथा व्हॉट्सॲपवर, लकी ड्रॉमध्ये २५ लाख लागल्याचा. पंचाईत ही की तिचं केवायसी खरंच बाकी आहे. खरा कोणता, खोटा कोणता हे ओळखायचं कसं आणि करायचं काय?

उत्तर:

राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखांमध्ये माझी एकतीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आठवड्यातून दोन दिवस बसतो आणि लोकांच्या फोनवर आलेले असेच मेसेज बघून देतो. तुमच्या आईंची स्थिती सगळ्यात धोक्याची आहे, कारण त्यांचं केवायसी खरंच बाकी आहे. ज्याचं काही बाकी नाही तो असा मेसेज उडवून लावतो. ज्याच्या डोक्यात "बँकेत जायचं राहिलंय" हे घोळत असतं, त्याला तोच मेसेज मदतीचा वाटतो.

म्हणून एक गोष्ट आधी सांगतो. मेसेज खरा की खोटा याचा निकाल लागलाच पाहिजे असं नाही. त्यात सांगितलेलं काम खरं असेल, तर ते आपल्या वाटेनेही होतं: पासबुकावरच्या फोन नंबरवरून, शाखेत जाऊन किंवा फोनमध्ये आधीपासून असलेल्या बँकेच्या ॲपमधून. मेसेजने दाखवलेल्या वाटेवर, म्हणजे त्यातली लिंक, त्यातला नंबर, त्यातली फाईल यांवर पाऊल टाकायचं नाही. मेसेज खरा निघाला तरी यात तुमचं काही बिघडत नाही, फक्त अर्धा दिवस जास्त जातो.

तरी ओळखता आलं तर मनाला स्वस्थता मिळते. सुरुवात भाषेपासून करू नका. शुद्धलेखनाच्या चुका शोधायचा सल्ला आता जुना झाला. हल्लीचे खोटे मेसेज स्वच्छ मराठीत असतात आणि लोगोही हुबेहूब असतो. बघायचं ते मेसेज कुठून आला.

भारतात बँका, वीज कंपन्या, सरकारी खाती यांना ग्राहकांना एसएमएस पाठवायचा तर 'ट्राय'च्या २०१८ च्या नियमांनुसार आपलं प्रेषक-नाव नोंदवावं लागतं. त्याला हेडर म्हणतात. म्हणून बँकेचा एसएमएस दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही, तो `AD-ABCDEF-S` अशा धाटणीच्या नावाने येतो. पहिलं अक्षर मोबाईल कंपनीचं (`A` एअरटेल, `J` जिओ, `V` व्होडाफोन आयडिया), दुसरं विभागाचं. त्यामुळे एकाच संस्थेचे मेसेज कधी `VM-` तर कधी `JM-` ने सुरू होतात. त्याने घाबरायचं कारण नाही. मधली अक्षरं संस्थेची. मे २०२५ पासून शेवटी आणखी एक अक्षर जोडलं जातं: `P` म्हणजे जाहिरात, `S` म्हणजे सेवा, `T` म्हणजे व्यवहार, `G` म्हणजे सरकारी. खातं बंद होण्याची सूचना `-P` ने संपणाऱ्या हेडरवरून आली, तर ती बँकेची सूचना नाही एवढं धरून चाला. मधली अक्षरं कोणाच्या नावाने नोंदली आहेत ते `smsheader.trai.gov.in` वर बघता येतं.

ही परीक्षा एकाच बाजूने पक्की आहे, हे मात्र नीट समजून घ्या. दहा आकडी नंबरवरून आलेली "बँकेची" सूचना बँकेची नसते. पण हेडर बरोबर असला म्हणजे मेसेज खरा ठरत नाही, कारण नोंदलेल्या हेडरचा गैरवापर झालेला आहे. शिवाय फोन एकाच नावाचे मेसेज एकाखाली एक लावतो. त्यामुळे त्या नावाने आलेला खोटा मेसेज थेट बँकेच्या जुन्या खऱ्या मेसेजच्या रांगेत जाऊन बसतो. आणि व्हॉट्सॲप किंवा आयफोनच्या आयमेसेजला ही हेडरची पद्धत लागूच नाही. तिथे डीपीवर बँकेचं चिन्ह लावायला एक मिनिट पुरतं.

दुसरी बघायची गोष्ट लिंक. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांनी आपली संकेतस्थळं `.bank.in` या पत्त्यावर नेली. त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत होती. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. पण तो पत्त्यात *कुठे* आहे हे बघावं लागतं. समजा लिंक अशी आहे:

```
https://mybank.bank.in.kyc-help.top/update
```

डावीकडून वाचलं तर बँकेचा पत्ता वाटतो. तो वाचायचा उलट. `https://` नंतरची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिच्या डावीकडे लागून काय आहे ते बघा. इथे आहे `kyc-help.top`. घराचा मालक तो, त्याच्या आधीचं सगळं त्याने दारावर लावलेली पाटी. खऱ्या पत्त्यात त्या रेघेच्या लगेच आधी `.bank.in` येतं, सुरुवातीच्या टिंबासकट. हे मी संघातल्या मंडळींना कागदावर रेघ मारून दाखवतो, दोन-तीन पत्ते करून घेतो, आणि सत्तरीतल्या बायकाही मग न चुकता ओळखतात. आईंना एकदा असंच बसून दाखवा.

आता तुमचे चार मेसेज.

पहिला खोटा. नंबर दहा आकडी आहे, पण माझ्यासारख्याला त्याहून मोठा पुरावा "आज रात्री" या शब्दांत दिसतो. केवायसी नव्याने देण्याची मुदत दिवसांत मोजत नाहीत. कमी जोखमीच्या ग्राहकाला दर १० वर्षांनी, मध्यम जोखमीच्याला ८ वर्षांनी आणि जास्त जोखमीच्याला २ वर्षांनी ते द्यावं लागतं. साधी पेन्शनची खाती बहुधा पहिल्या गटात असतात. आणि रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या दुरुस्तीनुसार बँकेने मुदतीआधी किमान तीन सूचना द्यायच्या आहेत, त्यातली एक पत्राने; मुदत उलटल्यावर आणखी तीन आठवणी, त्यातही एक पत्राने. रात्री खातं बंद करायची घाई फक्त त्यालाच असते, ज्याला सकाळी तुम्ही शाखेत जाऊन विचारून यायला नको असतं.

दुसरा, हेडरवरून आलेला, खरा असण्याची शक्यता बरीच आहे. त्यात लिंक नसेल, "जवळच्या शाखेत संपर्क करा" एवढंच असेल, तर जवळजवळ खराच. लिंक असली तरी ती वापरू नका. सोमवारी शाखेत जा.

तिसरा, इंडिया पोस्टचा, गेली दोन-तीन वर्षं देशभर फिरतोय. "दोनदा प्रयत्न केला, पत्ता अपुरा, ४८ तासांत पत्ता भरा" हा त्याचा साचा. आयफोनवर येतो तेव्हा त्यात आणखी एक ओळ असते: आधी `Y` असं उत्तर पाठवा, मेसेज बंद करून पुन्हा उघडा. याचं कारण असं की अनोळखी प्रेषकाच्या आयमेसेजमधली लिंक आयफोन चालू देत नाही, आणि तुम्ही उत्तर दिलंत की ती चालू होते. म्हणजे फोनने लावलेली कडी ते तुमच्याच हाताने काढून घेतात.

लिंक उघडली की पत्ता भरायचा आणि पुन्हा पाठवण्याचे पंचवीस रुपये कार्डाने द्यायचे. पंचवीस रुपयांसाठी कोणी मागेपुढे बघत नाही, म्हणूनच रक्कम एवढी लहान. त्यांना हवा असतो कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे आणि ओटीपी. आमच्या संघातल्या एका बाईंचे पैसे केवळ एका सवयीने वाचले. त्या ओटीपीचा मेसेज शेवटपर्यंत वाचतात. पानावर होते २५ रुपये आणि ओटीपीच्या मेसेजमध्ये ४९,५००. त्यांनी फोन उलटा करून ठेवला आणि कार्ड बंद करून घेतलं. ओटीपी टाकण्याआधी त्याच मेसेजमधली रक्कम आणि कोणाला जाणार ते वाचायचं, ही सवय आईंना लावा.

खऱ्या टपालाची रीत वेगळी आहे. पत्ता सापडला नाही किंवा घर बंद असलं तर वस्तू टपाल कार्यालयात परत जाते, पोस्टमन सूचना ठेवून जातो, आणि पोस्टात जाऊन विचारता येतं. स्पीड पोस्टचा क्रमांक तेरा अक्षरांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी `IN`. मेसेजमध्ये असा क्रमांकच नसेल तर पुढे बघायचीही गरज नाही. असेल तर तो `indiapost.gov.in` वर स्वतः टाकून बघा.

एक अपवाद सांगायलाच हवा, कारण मराठी घरांत तो वारंवार येतो. मुलगा-मुलगी परदेशात असतात आणि तिथून पार्सल पाठवतात. अशा पार्सलसाठी खासगी कुरिअर कंपन्या खरोखरच ओळखीची कागदपत्रं मागतात, कधी कस्टम ड्युटीही भरावी लागते. त्यामुळे "कुरिअर कधीच पैसे मागत नाही" हे वाक्य पाठ करून ठेवू नका. पार्सल पाठवणाऱ्याला फोन करा, त्याच्या पावतीवरचा क्रमांक घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर तो स्वतः टाका. ड्युटी खरीच असेल तर तिथे दिसेल.

कुरिअरवाल्यांच्या नावाने येणारा आणखी एक प्रकार फोनवरचा आहे. "डिलिव्हरी बॉयचा फोन लागत नाही, हा नंबर डायल करा" म्हणतात आणि `*21*` किंवा `*401*` ने सुरू होणारा कोड देतात. तो डायल केला तर तुमचे येणारे कॉल त्यांच्या फोनवर वळू शकतात, आणि कॉलवरून मिळणारा ओटीपीही त्यांच्याकडे जातो. चुकून केलं असेल तर `##002#` डायल करून वळवलेले कॉल बंद होतात. मग फोन करून बघा की तुमचा नंबर तुमच्याकडेच वाजतोय.

चौथ्या मेसेजवर मी फार वेळ घालवणार नाही. ज्या सोडतीचं तिकीट काढलं नाही तिचं बक्षीस लागत नाही. पुढे "प्रोसेसिंग फी", मग "टॅक्स", मग "बँकेचा चार्ज" असं थोडं थोडं करत उकळतात. लॉटरीच्या रोख बक्षिसावरचा कर देणारा आधीच कापून घेतो, जिंकणाऱ्याकडून तो आगाऊ खात्यात मागत नाहीत. आईंना "बक्षीस घ्यायला यूपीआय पिन टाका" असं कोणी म्हटलं, तर एवढंच लक्षात ठेवायला सांगा: पिन पैसे जाताना लागतो, येताना कधीच लागत नाही.

आता मी ज्याला सगळ्यात जास्त घाबरतो तो प्रकार. तो अजून तुमच्या आईंकडे आलेला नाही, पण केवायसी बाकी असलेल्या माणसाकडे यायला वेळ लागत नाही.

आमच्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक. व्हॉट्सॲपवर बँकेच्या चिन्हाच्या डीपीवरून एक फाईल आली, नावात बँक आणि केवायसी, शेवटी `.apk`. त्यांना ती अर्जाची पीडीएफ वाटली. `.apk` म्हणजे कागद नसतो, ते अँड्रॉइड फोनमध्ये बसणारं ॲप असतं. फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणचं ॲप बसवू का? त्यांनी होय म्हटलं. ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. मग खातं क्रमांक, जन्मतारीख, कार्डाचे तपशील असा साधा फॉर्म. भरून झाल्यावर पडदा म्हणाला, २४ तासांत काम होईल. त्यांनी चहा घेतला आणि झोपले. पहाटे बघतात तर खात्यातून तीन वेळा पैसे गेलेले.

ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "मी ओटीपी कोणालाच सांगितला नाही हो." खरंच सांगितला नव्हता. एसएमएस वाचायची परवानगी मिळालेलं ॲप आलेला प्रत्येक ओटीपी परस्पर पुढे पाठवत होतं. म्हणून "ओटीपी सांगू नका" हा सल्ला आता अर्धाच उरला आहे. उरलेला अर्धा हा: मेसेजमधून आलेलं कोणतंही ॲप बसवायचं नाही, आणि ॲपला एसएमएस वाचू द्यायचे का, या प्रश्नाला "नाही" म्हणायचं. त्यांच्या बाबतीत आणखी एक घाव उशिरा कळला. मुदत ठेवीवर ऑनलाइन कर्ज काढून तेही पैसे वळवले होते. खात्याची शिल्लक बघून थांबू नका, ठेवीही तपासा.

असं घडलं तर कशानंतर काय करायचं याला महत्त्व आहे. आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा, म्हणजे मोबाईल डेटा आणि वायफाय दोन्ही. सिम काढून घरातल्या दुसऱ्या, शक्यतो साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. ओटीपी त्या ॲपच्या तावडीतून लगेच सुटतात. मग त्या फोनवरून १९३० ला फोन करा. ही सरकारची आर्थिक सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. तिथे खाते क्रमांक, किती रुपये, किती वाजता आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात. हे चारही कागदावर लिहून मगच नंबर लावा, नाहीतर शोधाशोधीत वेळ जातो. घाई अशासाठी की गेलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पळतात आणि शेवटी रोख निघतात. वाटेत जिथे सापडतील तिथेच ते गोठवता येतात. तक्रारीचा क्रमांक मिळाला की `cybercrime.gov.in` वर उरलेला तपशील त्याच दिवशी भरा.

बँकेला वेगळं कळवा, तेही लेखी, आणि पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, असा तिसऱ्याच्या चुकीने झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर तोशीस नाही. ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून पोचेवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या. शिक्षकांच्या बँकेने (नाव घेत नाही) आधी "तुम्हीच ओटीपी दिला" म्हणून अर्ज घ्यायलाच नकार दिला होता. असं झालं तर ईमेलने पाठवा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर `cms.rbi.org.in` वर लोकपालांकडे तक्रार करता येते. पैसे परत मिळतीलच असं मी कोणाला सांगत नाही. शिक्षकांचे काही गोठवले गेले, काही गेले.

फोन मात्र ॲप काढून लगेच वापरू नका. अशा ॲपचं चिन्ह कधी पडद्यावर दिसतही नाही, सेटिंगमधल्या यादीत जाऊन शोधावं लागतं. फोटो आणि नंबर बाजूला काढून फोन पूर्ण रीसेट करा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

तुमच्याकडे अजून नुकसान झालेलं नाही, त्यामुळे १९३० ची गरज नाही. खोट्या तिन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, ज्यात नंबर दिसेल असे. मग `sancharsaathi.gov.in` वरच्या 'चक्षू' विभागात तक्रार करा. असे नंबर बंद करायची कारवाई तिथून होते. त्यानंतर ब्लॉक करा आणि पुसा. "नको" किंवा "कोण?" असं उत्तरसुद्धा पाठवू नका, त्याने फक्त एवढंच कळतं की हा नंबर चालू आहे आणि इथे माणूस वाचतो.

राहिलं आईंचं खरं काम. शाखेचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे खोटे कस्टमर केअर नंबर पेरलेले असतात. पासबुकाच्या पहिल्या पानावरचा घ्या. नाव-पत्ता बदलला नसेल तर "माहितीत काही बदल नाही" असं स्वयंघोषणापत्र पुरतं, नवे कागद लागत नाहीत. पत्ता बदलला असेल तर आधारची प्रत सोबत न्या. फॉर्म दिल्यावर शिक्का आणि तारीख असलेली पोच मागून घ्या आणि पासबुकाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढचा केवायसीचा मेसेज आला की आईंनी आधी ती तारीख बघायची.